रक्त काढल्याची तारीख

माझी धाकटी जाऊ आणि मी एका घरात एकतीस वर्षं राहिलो. त्यातली पहिली दहा आम्ही भांडण्यात घालवली, मग दोघीही थकलो. माझे मालक गेले तेव्हा तिनं महिनाभर मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. बसल्या जागी ताट आणून द्यायची. महिना झाल्यावर एक दिवस माझ्यासमोर विळी आणि वांगी आणून ठेवली आणि म्हणाली, "झालं तुयं रडनं? आता भाजी चिर." अशी ती होती. तिचं माझ्या हातानं काय झालं ते मी लिहून ठेवते आहे, कारण ते मान्य करणारी घरात मी एकटीच आहे. बाकीच्यांना ते अजून पटलेलं नाही.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून बसनं अर्ध्या तासावर. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागं तलाव, तलावाच्या पाळीवर मोहाची झाडं. रोवणीच्या दिवसांत धाकटीचं पोट फुगायला लागलं. बाया म्हणाल्या गॅस आहे, ती म्हणाली म्हातारपण आहे. गोंदियाला सोनोग्राफी झाली, रक्त झालं, आणि तिथल्या डॉक्टरांनी सरळ नागपूरला पाठवलं. अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पसरलेला. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत तीन. प्रत्येक केमोत तीन आठवड्यांचं अंतर.

त्यांनीच आम्हाला त्या आकड्याबद्दल सांगितलं. सीए एकशेपंचवीस म्हणून रक्तातली एक तपासणी असते. पस्तीसच्या आत असावी. धाकटीची गोंदियालाच नऊशे चाळीस आली होती. उपचार लागू पडला की आकडा हळूहळू उतरतो, आजार वाढला की चढतो. एकदोन आकड्यांवरून काही ठरवायचं नसतं, ओळीनं पाहायचं असतं, हेही ते म्हणाले होते. आणि रक्त दर वेळी एकाच लॅबचं हवं, कारण प्रत्येक लॅबचं माप थोडं वेगळं येतं. मग त्यांनी विचारलं, "घरी कोणी नीट लिहून ठेवणारं आहे का? एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला काय उपचार झाला ते. तारखेवार."

माझे देवर, म्हणजे धाकटीचा नवरा, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या वयनी हायत ना साहेब. आमच्या तलावाचं रजिस्टर तेच लिवतात. एक खाडाखोड सापडनार नाही तुम्हाले."

ते खरं होतं. मी शाळेत चौथीपर्यंतही गेले नाही. अक्षरं मालकांनी शिकवली, आणि तीही तलावाच्या पाणीवाटपाच्या रजिस्टरावर. ते असताना मी शेजारी बसून रेघा मारायची, ते गेल्यावर गावानं रजिस्टर माझ्याचकडे ठेवलं. त्या रजिस्टराचा एक नियम आहे, तो इथं सांगावा लागेल. तलावाचं गेट सोमवारी उघडलं तर शेवटच्या बांधीत पाणी गुरुवारी पोचतं. रजिस्टरात गुरुवार लिहायचा. गेट कधी उघडलं याला किंमत नाही. मधे कोणी धुरा, म्हणजे बांध, फोडून पाणी वळवून घेतलं तर? म्हणून पाणी ज्या दिवशी माणसाच्या बांधीत दिसलं तो दिवस, आणि त्याची सही. या एका नियमामुळं आमच्या गावात पाण्यावरून डोकी फुटली नाहीत. मालक म्हणायचे, जे हातात आलं तेच लिहायचं, येणार आहे ते नाही.

मी आकड्यांचा तक्ताही तसाच लिहिला.

केमोच्या दिवशी सकाळी नागपूरला गेल्यागेल्या तिचं रक्त काढत. पेशी मोजायचा रिपोर्ट दोन तासांत मिळे, तो चांगला असला की केमोची सलाईन लागे. हा एकशेपंचवीसचा आकडा मात्र तीन-चार दिवसांनी भाऊजींच्या फोनवर येई. भाऊजी ओरडत, "वयनी, आला!" आणि मी वही काढून त्या दिवसाच्या तारखेला आकडा मांडी. सलाईनची नोंद आधीच झालेली असे, म्हणून आकडा तिच्या खाली.

त्यामुळं माझ्या वहीत असं दिसत होतं. सगळ्यात वर गोंदियाचे 940. त्याखाली पहिली सलाईन. त्याखाली 1180. त्याखाली दुसरी सलाईन. त्याखाली 1265. निळी शाई, स्केलनं मारलेल्या रेघा. पोरीच्या जातीला असं अक्षर देऊन देवानं वाया घालवलं, असं मालक म्हणायचे.

दुसऱ्या सलाईननंतर धाकटीचे केस गेले. तोंडात फोड आले, पाण्याचा घोटही जाईना. पाय बधिर. ती ओसरीत खाटेवर पडून राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "पाहून घ्या, फुकट हाय." त्या दिवसांत 1265 आला. भाऊजींनी वही मागितली. त्यांच्या दोन चुलतभावांना बोलावलं होतं, ते बाजेवर बसले होते.

"वाच वयनी."

मी वाचलं. एकदा वाचून झाल्यावर ते म्हणाले पुन्हा वाच, सलाईनच्या जागी थांबून वाच.

"नऊशे चाळीस," मी म्हणाले. "मग सलाईन. अकराशे ऐंशी. मग सलाईन. बाराशे पासष्ट."

"म्हनजे सलाईन दिली का वाढते," एक चुलतभाऊ म्हणाला.

"डॉक्टरला विचारा ना फोन करून," मी म्हणाले. एवढं म्हणाले होते मी, पण जोर नव्हता त्यात. मलाही तसंच दिसून राहिलं होतं.

"काय विचारायचं?" भाऊजी म्हणाले. "त्याचं काम सलाईन देनं हाय, तो सलाईनच दे म्हनन. हे तं आपल्या घरच्या हाताचं लिवलेलं हाय."

धाकटी खाटेवरून बोलली. "मले विचारा नं कोनी. अंग माहं हाय."

"तू गप राह्य. तुले काय समजते?"

"समजते ना. वाचता नाही येत, पन आकडा लांब झाला का आखूड तेवढं दिसते मले." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, खरंच वाढून राहिला का?"

मी वही तिच्यापुढं धरली आणि बोटानं वरून खाली दाखवलं. तिनं मान हलवली. "मंग नको मले ते सलाईन," ती म्हणाली. "मरायचंच हाय तं केस परत आनून मरतो."

तिसऱ्या केमोला आम्ही गेलो नाही.

दरेकसाकडं जंगलात एक जडीबुटीवाला आहे असं चुलतभावानं सांगितलं. गोंदियाला गाडी बदलून भाऊजी गेले आणि तीन पिशव्या भुकटी घेऊन आले. सकाळी एक, दुपारी एक, कोमट पाण्यात. सोबत पथ्य. मीठ नाही, आंबट नाही, तेल नाही, आणि भात नाही. भात तर बिलकूल नाही, भातानं गाठीला बळ येतं म्हणे. आमच्याकडं भात नाही म्हणजे जेवणच नाही. ज्वारीची अळणी भाकर आणि मुगाचं पाणी, एवढ्यावर तिला ठेवलं.

नागपूर सोडलं तरी रक्त मात्र मी सोडू दिलं नाही. त्याच लॅबचा माणूस अर्जुनीत बसतो, नमुने घेऊन नागपूरला पाठवतो. म्हटलं, औषध कोणतंही असो, रकाना रिकामा राहू नये. तिसऱ्या केमोचा जो दिवस ठरला होता त्याच दिवशी मी तिला रिक्षात घालून रक्त देऊन आणलं. भुकटी सुरू होऊन बारा दिवस झाले होते.

आकडा आला 410.

घरात असा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. भाऊजी वही घेऊन गल्लीभर फिरले. त्यांनी पान सपाट धरून उजेडात फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जडीबुटीवाल्यानंही मागवून घेतला. खाली मी लिहिलं होतं, "जडीबुटी सुरू", आणि त्याच्याखाली 410, त्याला एक चौकट. ती चौकट मीच काढली. कोणी सांगितलं नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगते. त्या दिवसापासून मला त्या वहीचं वेड लागलं. मी आणखी एक रकाना आखला. पथ्य. रोज बरोबर पाळलं की एक टिंब, मोडलं की फुली. धाकटी हसायची. "तलावाचं पानी तरी चार दिवसांनी मोजते तू, मायं खानं रोज मोजून राहिली." मी म्हणायची, "तुझ्याच भल्यासाठी." पुढच्या महिन्यात आकडा आला 385. फार उतरला नाही, पण उतरला. मी टिंबं मोजून भाऊजींना दाखवली.

मग एक दिवस मी तलावाच्या सभेवरून आले तर चुलीमागं धाकटी बसली होती, पातेल्याला तोंड लावून. भात. शिळा, कालचा, कुत्र्यासाठी ठेवलेला. बोटं आणि गाल भातानं माखलेले. मला पाहून तिनं पातेलं मागं लपवलं, एकतीस वर्षं सोबत राहिलेली जाऊ, लहान पोरीसारखं.

"एक घास घेतला वं," ती म्हणाली. "लय आठवन आली."

मी वही काढली. वहीत फुली मारली. आणि शेजारी लिहिलं, "भात खाल्ला."

पुढचा आकडा 690.

भाऊजींनी वही पाहिली, फुली पाहिली, भात वाचलं. त्यांनी तिच्या खाटेजवळ जाऊन विचारलं, "चोरून भात गिळला ना तू?" ती म्हणाली हो. त्यांनी तिला मारलं नाही, ते मारणारे नाहीत. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि चावी माझ्याकडं दिली. ती चावी मी पदराला बांधली. शेजारची म्हातारी येऊन म्हणाली, "काऊन वं बाई, तुले जगायचं नाही का? नवरा एवढा करून राहिला, आन् तू भातापायी मरतेस?" धाकटी म्हणाली, "तुमी घरी जाऊन खाल ना भात, माय?" म्हातारी निघून गेली.

तिचा दंड माझ्या मुठीत मावायला लागला. पोट मात्र परत वर आलं. त्यानंतरचा आकडा 1540. भाऊजींनी मला विचारलं, परत खाल्ला असेल ना? मी म्हणाले, कुलूप माझ्याकडं आहे, कसा खाईल. ते म्हणाले, शेजाऱ्यानं खिडकीतून दिला असेल. त्या विचारानं मी खिडकीलाही जाळी लावायला सांगितली, हे माझ्या हातून घडलं आहे.

तिला श्वास लागायला लागला तेव्हा आम्ही नागपूरला परत गेलो. मोठे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी धाकटीला आडवं करून पोटातलं पाणी काढायला पाठवलं आणि मग आम्हाला समोर बसवून फाईल मागितली. मी फाईल दिली आणि वर वहीही दिली.

"वा, आई," ती म्हणाली. "इतका स्वच्छ तक्ता मी आमच्या वॉर्डातही पाहिला नाही."

माझी छाती फुगली, खोटं सांगत नाही. ती वाचत गेली. मग थांबली. पान मागं केलं. फाईलमधून लॅबचे रिपोर्ट काढून टेबलावर ओळीनं मांडले आणि एकेकावर बोट ठेवून माझ्या वहीशी ताडून पाहायला लागली.

"आई, ही तारीख कशाची लिहिली तुम्ही?"

"आकड्याची."

"म्हणजे रक्त कधी काढलं त्याची, की रिपोर्ट कधी आला त्याची?"

"आला त्या दिवसाची," मी म्हणाले. "आला तेव्हाच ना आपल्याला कळतो."

तिनं पेन खाली ठेवलं. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात दोन तारखा होत्या, नमुना घेतल्याची बारीक अक्षरात आणि रिपोर्टची ठळक. मी ठळक असलेलीच वाचत होते. ती मला दाखवत गेली आणि रागावली नाही, याचंच मला आणखी वाईट वाटलं. "हे अकराशे ऐंशी पहिल्या केमोच्या सकाळचं रक्त आहे. सलाईन लागायच्या आधीचं. गोंदियाच्या तपासणीनंतर महिनाभर उपचार नव्हता, म्हणून ते वाढलं. हे बाराशे पासष्ट दुसऱ्या केमोच्या सकाळचं. म्हणजे एकाच केमोनंतरचं. पहिल्या केमोनंतर कधीकधी थोडं वर जातं, त्यावर आम्ही काही ठरवत नाही. आणि दुसऱ्या केमोनंतरचं पहिलं रक्त कोणतं? हे. चारशे दहा."

"ते तं जडीबुटीचं हाय," भाऊजी म्हणाले.

"जडीबुटीला तेव्हा बाराच दिवस झाले होते, काका. त्याच्या आधी दोन केमो झालेल्या. दोन केमोत बाराशेवरून चारशेवर आलेलं आहे हे. औषध चांगलं लागू पडत होतं. तिसऱ्याला आला असता तर ऑपरेशनची तयारी केली असती."

"म्हनजे डॉक्टरीनबाई, तुमचंच बरोबर."

"माझं नाही, तारखांचं."

"आमच्या वयनीचं लिवलेलं चुकत नाही कधी," भाऊजी म्हणाले आणि उठून बाहेर गेले. ते माझ्या बाजूनं बोलून गेले, आणि मला त्यांच्यामागं धावून त्यांचा हात धरावासा वाटला, की नका हो, आज नका.

मी डॉक्टरणीला विचारलं, आम्ही सोडलं नसतं तर धाकटी वाचली असती का. ती म्हणाली, "पसरलेला होता, पूर्ण बरा झाला असता असं मी म्हणणार नाही. पण चांगली वर्षं मिळण्याची शक्यता होती. आता परत सुरू करू, बघू." तिनं मला लाल पेन दिलं. मी तिथंच बसून आकडे खोडले आणि बाण काढून वरच्या ओळीत चढवले. अकराशे ऐंशी आणि बाराशे पासष्ट, दोन्ही आपापल्या सलाईनच्या वर गेले. माझी वही पहिल्यांदा खराब झाली.

धाकटीला मी दोन दिवसांनी सांगितलं. पोटातलं पाणी काढल्यामुळं तिला जरा बरं वाटत होतं. वॉर्डात पंख्याखाली ती भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं, तलावाच्या रजिस्टरासकट. मला वाटलं सलाईनबद्दल बोलेल, ऑपरेशनबद्दल बोलेल.

"मंग भात?" ती म्हणाली.

"काय?"

"सहाशे नव्वद माया भातानं नाही झाला?"

"नाही. सलाईन बंद पडली म्हणून आजार चढत होता."

"चार महिने तू मले भात नाही देल्ला, बाई."

मी तिचा पाय धरला. तिनं पाय ओढून घेतला. तेवढी ताकद तिच्यात होती. "आता रडू नको," ती म्हणाली. "तू रडली का मले तुयं नाक पुसा लागन. जा, भात आन कुठून."

मी हॉटेलातून वरणभात आणला. तिनं दोन घास खाल्ले आणि सगळं बाहेर काढलं. आतडी दाबली गेली होती. तिसरा घास तिनं हातात धरून ठेवला, नर्स येऊन उचलून घेईपर्यंत.

परत केमो सुरू झाल्या. सुरू करायच्या सकाळचं रक्त 2100. यावेळी मी रक्त काढल्याची तारीख लिहिली, नर्सनं सुई टोचली की त्याच मिनिटाला, आणि आकडा आला की त्या तारखेपुढं भरला. एका केमोनंतर 1890. दोननंतर 1820. आता आकडा पूर्वीसारखा पडत नव्हता, चिकटून बसला होता. तिसरी झाल्यावर दोघी घरी होतो तेव्हा दुपारी फाटकाजवळ मोटरसायकल थांबली. चाळिशीतला माणूस, दवनीवाड्याहून आलेला. त्यानं भाऊजींचं नाव घेऊन घर विचारलं आणि ओसरीत येऊन फोन पुढं केला.

फोनमध्ये माझा तक्ता होता. निळी शाई, सरळ रेघा, 410 ला चौकट.

"हे तुमच्याकडचंच ना?" तो म्हणाला. "माया मायले तोच रोग हाय. दोन सलाईन झाल्या, लय हाल. मंग हे पायलं तं म्हटलं विचारून यावं. त्या बाई बऱ्या झाल्या म्हने?"

खाटेवरून धाकटी उठून बसली. डोक्याचा रुमाल काढला. "मीच ते बाई," ती म्हणाली. "पाय. दिसतो का बरी?"

तो थोडा मागं सरला. "पन आकडा तं उतरला होता ना तुमचा?"

मी धावत आत जाऊन वही आणली. त्याला सगळं समजावलं, एकेक बाण दाखवला. बाबा, ही तारीख रिपोर्टची, ही रक्ताची, हा उतार सलाईनचा आहे, तुझ्या मायला तिसरीला ने. त्यानं वही हातात घेतली, फोनशेजारी धरली, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"याच्यात तं मांगून खोडलेलं दिसते, मावशी," तो म्हणाला. "लाल पेनानं. आन् यात काही खोडलेलं नाही."

"म्हनजे मी खोटं बोलून राहिली का?" धाकटी म्हणाली.

"तसं नाही म्हनत. पन डॉक्टर लोकं लिवून घेतात ना असं."

तेवढ्यात भाऊजी शेतावरून आले. त्याला घेऊन ते अंगणात गेले. मी जोत्यावर उभी राहून ऐकत होते. भाऊजी म्हणाले, आकडा दवाईनं उतरला होता, आमच्या घरी पथ्य मोडलं म्हणून चढला, तुम्ही पथ्य मोडू नका. आणि जडीबुटीवाल्याचा नंबर दिला. धाकटीनं हाक मारली, "अहो, त्याची माय मारता का तुमी?" त्यांनी वळून पाहिलं नाही. माझ्या मते ते ऐकू शकतच नव्हते. ते मानलं असतं तर बायकोला सलाईनवरून आपणच उठवलं हे मानावं लागलं असतं, आणि मग त्यांना त्या घरात जगता आलं नसतं. मला आलं, याचं मला कधीकधी फार वाईट वाटतं.

मोटरसायकल गेल्यावर धाकटी म्हणाली, "नवी वही घे. खाडाखोड न करता बरोबर लिव. लोकं अक्षर पायतात, बाई, दुसरं काई पायत नाहीत."

मी नवी वही घेतली. दोन दिवस लागले. रक्ताच्या तारखा, सलाईन, भुकटी कधी सुरू, कधी बंद, सगळं आपापल्या जागी. पथ्याचा रकाना काढून टाकला. तिनं ती वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हं. आता सुंदर दिसते." मी भाऊजींना म्हणाले, याचा फोटो ग्रुपवर टाका. त्यांनी फोटो काढला. टाकला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता कायले लोकायले डबल डबल?" मग मी माझ्या भाचीकडून तिच्या फोनवरून टाकला. त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. जुन्या फोटोखाली लोकांनी हात जोडले होते.

तिसऱ्या केमोनंतर आकडा 2450 आला. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बसून सांगितलं की आता औषध लागू पडत नाही, घरी न्या, दुखण्याची गोळी देतो. धाकटीनं उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरीच जीव सोडला, सकाळी, मी तिचं अंग पुसत असताना. स्वयंपाकघराचं कुलूप मी कधीच काढून टाकलं होतं. तिला त्याचा उपयोग झाला नाही.

दवनीवाड्याच्या त्या माणसाच्या आईचं काय झालं ते मला माहीत नाही. मी भाऊजींकडून नंबर मागितला, त्यांनी दिला नाही.

त्यानंतर फोटो घेऊन आणखी तिघं आले. मी प्रत्येकाला आधी पाणी देते, मग धाकटी गेली हे सांगते, मग नवी वही काढते. दोघं वही उघडायच्या आधीच उठले. मेलेल्या बाईच्या घरचं औषध नको, असं त्यातला एक तोंडावर बोलून गेला, म्हणजे कारण चुकीचं पण बरं झालं म्हणायचं. तिसरी एक सून होती, सासूसाठी आलेली. तिनं खाली बसून सगळं ऐकलं. मधेमधे विचारलंही, हे रक्त कोणत्या दिवशीचं, ही सलाईन त्याच्या आधी की नंतर. मी दोनदा समजावलं. तिनं वहीवरून बोट फिरवलं, "समजलं आत्या," म्हणाली, माझ्या पाया पडली. फाटकापर्यंत गेली आणि वळून विचारलं, "दरेकसाले उतरल्यावर मंग त्या जडीबुटीवाल्यापर्यंत पायी किती जा लागते?"

मी सांगितलं नाही. भाऊजी अंगणात बसले होते, तिनं त्यांना विचारलं.